धारवाडच्या शेंगेत बोलिव्हियाचं रक्त

निपाणी, हुक्केरी, बैलहोंगल, सौंदत्ती या बेळगावकडच्या पट्ट्यात खरीप भुईमुगाच्या शेंगा करणाऱ्या कुणालाही ‘जीपीबीडी-४’ हे नाव नवीन नाही. बियाण्याच्या पिशवीवरची अक्षरं कन्नड असतात, पण ‘चार नंबर’ म्हटलं की मराठी शेतकऱ्यालाही कळतं. वाण धारवाडच्या कृषी विद्यापीठाचं आहे. नावातलं ‘डी’ धारवाडचंच. हे वाण टिक्का आणि तांबेरा या पानांवरच्या बुरशीच्या रोगांना दाद देत नाही, हेही बहुतेकांना माहीत असतं. पण ही ताकद मूळची शेंगेच्या घरची नाही. ती बोलिव्हियाच्या जंगलात वाढणाऱ्या एका रानटी वेलीकडून आली आहे, आणि ती आपल्या रानापर्यंत पोहोचायला जवळजवळ चाळीस वर्षं लागली. जनुकपेढी म्हणजे नेमकं काय आणि पिकांचे रानटी भाऊबंद सांभाळायचे कशाला, हे समजून घ्यायला मला तरी याहून जवळचं उदाहरण दिसत नाही.

आधी रोगाचं बोलू. मृगावर पेरलेली शेंग ऑगस्टमध्ये जमीन झाकून टाकते. पाऊस रिमझिम, पानं दिवसरात्र ओली, हवा ना गरम ना गार. बुरशीला याहून काय हवं? टिक्का दोन प्रकारचा असतो. लवकर येणाऱ्या टिक्क्याचे ठिपके तपकिरी, भोवती पिवळं कडं. उशिरा येणारा टिक्का जास्त वाईट. त्याचे ठिपके काळेकुट्ट असतात, आणि पान उलटं करून पाहिलं तर खालच्या बाजूला ते खरखरीत लागतात. तांबेरा वेगळा. पानाखाली बारीक नारिंगी पुटकुळ्या येतात, बोट फिरवलं की विटकरी पूड बोटाला लागते. शेतात लांबून ओळखायची आणखी एक खूण आहे. टिक्क्यानं पानं गळतात आणि नुसते देठ उभे राहतात. तांबेऱ्यानं पानं करपतात, पण झाडालाच लटकून राहतात.

दोन्ही एकत्र आले की निम्मं पीक जाऊ शकतं, कधी त्याहूनही जास्त. दाणा भरायच्या वेळी पानं नसली तर दाण्यात तेल आणि वजन येणार कुठून? शिवाय शेंगेला झाडाशी जोडणाऱ्या आऱ्या कमकुवत होतात. झाड उपटलं की पोसलेल्या शेंगासुद्धा मातीतच तुटून राहतात, आणि मग बायका-माणसं लावून माती चाळत बसावं लागतं. बुरशीनाशकाच्या दोन-तीन फवारण्यांनी रोग आटोक्यात येतो. पण कोरडवाहू शेंगेला तेवढा खर्च परवडतो का, आणि फवारणीच्याच आठवड्यात पाऊस लागून राहिला तर काय, हे प्रश्न शेतकऱ्यालाच सोडवावे लागतात.

मग रोगाला टिकणारं वाण आधीच का नव्हतं? जगात शेंगेची हजारो वाणं आहेत. उपटी, पसरी, निमपसरी, लाल दाण्याची, पांढऱ्या दाण्याची. तरीही उशिरा येणाऱ्या टिक्क्याला भक्कम प्रतिकार त्यांच्यात फार थोड्या ठिकाणी सापडतो, आणि जिथं सापडतो तिथं झाड उशिरा येणारं, टरफल जाड, उतारा कमी. याचं कारण शेंगेच्या जन्मात आहे. दक्षिण अमेरिकेत काही हजार वर्षांपूर्वी दोन रानटी जातींचा संकर झाला. प्रत्येकीच्या पेशीत वीस गुणसूत्रं होती. संकरात ती दुप्पट झाली आणि चाळीस गुणसूत्रांचं नवं झाड तयार झालं. जगभरच्या सगळ्या शेंगा त्या एका घटनेतून, म्हणजे अगदी मोजक्या झाडांपासून आल्या आहेत. आणि चाळीसवालं झाड वीसवाल्या रानटी नातेवाइकांशी सहजासहजी फळत नाही, त्यामुळे बाहेरचं रक्त नंतर आलंच नाही. घरातली माणसं वाढली, पण सोयरीक घरातल्या घरातच होत राहिली. बाहेर मात्र शेंगेच्या कुळात ऐंशीच्या आसपास रानटी जाती आहेत. ब्राझील, बोलिव्हिया, पॅराग्वे, अर्जेंटिना, उरुग्वे या देशांत त्या लाखो वर्षं याच बुरशांच्या संगतीत जगत आल्या आहेत.

त्यातली एक आहे अरॅकिस कार्डेनासी. ग्रेगरी, क्रापोविकास आणि पिएत्रारेली या तिघा शोधकांनी बोलिव्हियातून तिचं बी गोळा केलं. त्या नमुन्याचा क्रमांक ‘जीकेपी १००१७’. पहिली तीन अक्षरं त्या तिघांच्याच आडनावांची आहेत. पाहायला ही वेल अगदी मामुली. शेंगा एवढ्याशा, दाणे बारीक, खायला कुणी हात लावणार नाही. पण तिच्या पानावर टिक्का पसरत नाही आणि तांबेराही पसरत नाही.

१९६०च्या दशकात अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात, या वेलीचा लागवडीच्या शेंगेशी संकर केला गेला. खरी अडचण इथून सुरू होते. शेंगेच्या बीजपेशीत वीस गुणसूत्रं, रानवेलीच्या बीजपेशीत दहा. पोर जन्माला आलं ते तीस गुणसूत्रांचं. बीजपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. तीसमध्ये जोड्या नीट लागत नाहीत, काही गुणसूत्रं एकटीच उरतात. परिणामी झाड वाढतं, फुलतं, पण शेंग धरत नाही. वांझ.

यावर उपाय म्हणजे कोल्चिसिन नावाचं विष. कोवळ्या कोंबाला ते लावलं की पेशी विभागताना गुणसूत्रं दुप्पट होतात, पण पेशीचे दोन भाग पडत नाहीत. खानापूरच्या कुंपणांवर पावसात लाल-पिवळी फुलं घेऊन चढणारी कळलावी आहे ना, तिच्या कंदातलं विष हेच. तर, तीसाची साठ झाली, प्रत्येकाला जोडीदार मिळाला आणि झाड फळायला लागलं. पण साठ गुणसूत्रांचं झाड म्हणजे शेंगेचं पीक नव्हे. ते आडदांड वाढतं आणि फळतं कमी. मग पिढ्यानपिढ्या त्याच्या बिया लावत राहायचं. प्रत्येक पिढीत काही गुणसूत्रं गळतात, आणि त्या गडबडीत रानवेलीच्या गुणसूत्राचा एखादा तुकडा शेंगेच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. शेवटी काही झाडं पुन्हा चाळीसवर स्थिरावतात. दिसायला शेंगच, पण आत बोलिव्हियाचा तुकडा. कोणता तुकडा कुठं बसला, हे त्या काळी कुणाला दिसत नव्हतं. पावसाळ्यात शेतात उभं राहून कुणाची पानं हिरवी राहिली एवढंच बघायचं.

असे स्थिरावलेले वंश पुढं हैदराबादजवळच्या पटणचेरू इथल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हाती आले. त्यांतल्या एकाचं नाव ‘सीएस १६’. रोगाला कणखर, पण शेंगा बाजारात नेण्याजोग्या नव्हत्या. रानटी तुकड्यासोबत नको असलेली जनुकंही चिकटून येतात, कारण गुणसूत्रावर ती शेजारी शेजारी बसलेली असतात. प्रतिकार हवा असेल तर शेजाऱ्यालाही घरात घ्यावं लागतं, आणि त्याला बाहेर काढायला आणखी संकर, आणखी पिढ्या लागतात. रानटी जाती वापरायला पैदासकार नाखूश असतात ते यामुळेच. चांगल्या वाणात वाईट मिसळून ते पुन्हा निवडत बसायला कुणाकडे दहा-पंधरा वर्षं असतात?

धारवाडला एम. व्ही. सी. गौडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम अंगावर घेतलं. त्यांनी ‘केआरजी १’ या कर्नाटकातल्या लवकर येणाऱ्या, पण रोगाला बळी पडणाऱ्या उपट्या वाणाचा ‘सीएस १६’शी संकर केला. अशा निवडीची पद्धत सांगण्यासारखी आहे. तपासायच्या वंशांच्या ओळींमध्ये ठरावीक अंतरावर रोगाला हमखास बळी पडणाऱ्या वाणाची ओळ मुद्दाम पेरतात. वर रोगट पानांतली बुरशी पाण्यात कालवून शिंपडतात. त्या ओळी रोगानं भरतात आणि आजूबाजूला सतत बीजाणू उडवत राहतात, म्हणजे एखादं झाड केवळ नशिबानं निरोगी राहिलं असं होत नाही. काढणीच्या आधी प्रत्येक ओळीला एक ते नऊ असे गुण देतात. एक म्हणजे रोग नाही, नऊ म्हणजे पान शिल्लक नाही. ज्या ओळीला गुण कमी आणि जिच्या शेंगा चांगल्या, ती पुढं न्यायची. बाकीच्या सोडून द्यायच्या.

यातून निघालं जीपीबीडी-४. उपटी जात, साधारण साडेतीन महिन्यांत काढणीला येणारी. आता ‘प्रतिकार’ म्हणजे काय, याबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. जीपीबीडी-४च्या पानावर ठिपके दिसले की काही जण म्हणतात, बियाणं बोगस निघालं. तसं नसतं. या वाणात बुरशी पानात शिरते, पण ठिपका उशिरा येतो, लहान राहतो आणि त्यावर बीजाणू कमी तयार होतात. म्हणून रोगाचा पुढचा फेरा मंदावतो आणि दाणे भरेपर्यंत पानं टिकतात. नव्वद दिवसांनी शेत पाहावं. सगळीकडे हिरवं असून मध्ये मध्ये काही झाडं नुसत्या देठांवर उभी असतील, तर ती भेसळ समजायची. बियाण्यासाठी शेंगा ठेवायच्या असतील तर ती झाडं आधी उपटून वेगळी करावीत. आणि हा प्रतिकार या दोन रोगांपुरताच आहे. बुंधाकूज, शेंडेमर किंवा पानं खाणारी तंबाखूची अळी यांच्यापुढं चार नंबरही इतर शेंगांसारखीच.

पुढं गुणसूत्रांवरच्या खुणा वाचायचं तंत्र आलं, आणि बोलिव्हियाचे तुकडे नेमके कुठं बसलेत ते दिसू लागलं. मग जीपीबीडी-४ हाच दाता धरून इक्रिसॅटनं तो प्रतिकार दुसऱ्या वाणांत नेला. त्यात महाराष्ट्रात गाजलेली जेएल-२४, म्हणजे फुले प्रगती, होती आणि टीएजी-२४ सुद्धा. खुणा वाचता येत असल्यामुळे रोपाच्या एका पानावरून तुकडा आहे की नाही हे कळतं. पावसाळ्याची वाट पाहावी लागत नाही.

आता जनुकपेढीकडे येऊ. बोलिव्हियात बी गोळा झालं तेव्हा त्याचा उपयोग काय होईल, हे कुणी ठामपणे सांगू शकलं नसतं. ते बी तोवर जिवंत ठेवणं हे पेढीचं काम. इक्रिसॅटच्या पेढीत शेंगेचे पंधरा हजारांच्या आसपास नमुने आहेत, आणि त्यांतले रानटी जातींचे काही शेच आहेत. बी ठेवायची रीत ऐकायला सोपी वाटते. पंधरा अंश तापमान आणि फक्त पंधरा टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत काही आठवडे बी हळूहळू वाळवतात. उन्हात झटपट वाळवत नाहीत, कारण उष्णतेनं आतला अंकुर दुखावतो. पुरेसं कोरडं झालं की हवाबंद ॲल्युमिनियमच्या पाकिटात भरून उणे वीस अंशांवर ठेवतात. ओलं बी गोठवलं तर पेशीतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात, म्हणून वाळवण महत्त्वाची. वाटपासाठीचा साठा वेगळा असतो, तो चार अंशांच्या आसपास ठेवतात.

एवढं केलं तरी बी अमर होत नाही. शेंगदाण्यात निम्मं तेल असतं, आणि तेल खवट होत जातं तशी उगवण घसरते. म्हणूनच आपले जुने लोक बियाण्याच्या शेंगा फोडून ठेवत नसत, पेरणीच्या तोंडावरच फोडत. पेढीत ठरावीक वर्षांनी काही दाणे भिजवून उगवण मोजतात. ती ८५ टक्क्यांच्या खाली गेली, किंवा दाणे संपत आले, की तो नमुना शेतात लावून ताजं बी घ्यावं लागतं. पेढीतला सगळ्यात धोक्याचा टप्पा हाच. एक चिठ्ठी बदलली, दोन नमुन्यांच्या शेंगा वाळवणीत एकमेकींत मिसळल्या, की पन्नास वर्षांपूर्वी केलेला शोध गेला, आणि तो गेला हे पुढची कित्येक वर्षं कळतही नाही.

रानटी शेंगेच्या बाबतीत हे काम आणखी किचकट होतं. आपल्या शेंगेचं झाड उपटलं की शेंगा लोंबत वर येतात. रानटी शेंगेत दोन दाण्यांच्या मध्ये आरीसारखा लांब, नाजूक दोरा असतो. एकेक दाणा स्वतंत्र टरफलात, खोडापासून दूर मातीत जाऊन बसतो, आणि झाड उपटलं की दोरा तुटून दाणा मातीतच राहतो. म्हणून ही झाडं मोठ्या कुंड्यांत किंवा सिमेंटच्या कड्यांत एकेकटी लावतात आणि हंगाम संपला की आतली सगळी माती चाळणीनं चाळून दाणे वेचतात. एखादा जुना दाणा मातीत चुकून राहिला तर पुढच्या नमुन्यात परका उगवणार, म्हणून माती बदलावी लागते. नवे दाणे बरेच दिवस झोपलेलेही असतात. पाणी घालून उगवत नाहीत, त्यांना रसायनानं जागं करावं लागतं. काही जाती तर बीच जवळजवळ धरत नाहीत, जमिनीखालच्या खोडांवरून पसरतात. त्यांचं पाकीट करता येत नाही. त्यांची कुंडीतली जिवंत झाडं वर्षानुवर्षं पाणी घालून जगवावी लागतात. पाणी घालणारा माणूस रजेवर गेला आणि नळ बंद राहिला, तर तो नमुना संपला.

इथवरची गोष्ट यशाची वाटेल, पण मला तिच्यात एक काळजीही दिसते. २०२१ साली डेव्हिड बर्टिओली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या शेंगांची गुणसूत्रं तपासली. तीस देशांतल्या २५१ वाणांत आणि वंशांत त्यांना अरॅकिस कार्डेनासीचे तुकडे सापडले, आणि ते सगळे त्या एकाच नमुन्यापर्यंत, जीकेपी १००१७पर्यंत, मागे जातात. म्हणजे आफ्रिकेतल्या शेतकऱ्याची शेंग आणि सौंदत्तीची शेंग एकाच कुलपावर विसंबून आहेत. बुरशी स्वस्थ बसत नाही. दर पावसाळ्यात तिचे कोट्यवधी बीजाणू तयार होतात, आणि एखाद्या वर्षी त्या कुलपाची किल्ली तिला सापडली तर बरीच घरं एकदम उघडतील. म्हणून दुसऱ्या रानटी जातींकडूनही प्रतिकार आणायचं काम सुरू आहे. आता वांझ पोराची वाट न धरता, वीस गुणसूत्रांच्या दोन रानटी जातींचा आधी आपसात संकर करतात, त्याची गुणसूत्रं दुप्पट करून चाळीसचं झाड बनवतात आणि ते सरळ लागवडीच्या शेंगेशी जुळवतात. निसर्गानं शेंग जशी घडवली होती, तीच वाट.

पण त्यासाठी रानटी जाती हाती असाव्या लागतात. शेंगेच्या दोन मूळ पूर्वजांपैकी एक, अरॅकिस इपाएन्सिस, बोलिव्हियातल्या एकाच ठिकाणी सापडल्याची नोंद आहे. पेढीतलं बी म्हणजे तिथून कधीतरी उचललेली मूठभर झाडं. जागेवरची वेल मात्र आजच्या बुरशीशी आजही झगडत असते आणि बदलत असते. गोठवलेलं पाकीट ते करू शकत नाही. जंगल नांगरून तिथं सोयाबीन पेरलं की हा झगडा थांबतो.

बियांचा प्रवासही पूर्वीसारखा सोपा राहिलेला नाही. बोलिव्हियातून बी निघालं तेव्हा ते विचारून नेण्याची रीत नव्हती. १९९३मध्ये लागू झालेल्या जैवविविधता करारानं देशातल्या वनस्पतींवर त्या देशाचा हक्क मान्य केला. हे न्यायाचंच होतं. ज्या देशाच्या वेलीनं जगभरची शेंग वाचवली, त्याच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न कुणीही विचारेल. पण पुढं पिकांच्या बियांची देवाणघेवाण सोपी करणारा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या पिकांच्या यादीत शेंग नाही. त्यामुळे नवी रानटी शेंग गोळा करून दुसऱ्या देशात नेणं आज साठ-सत्तर वर्षांपूर्वीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

शेंग परदेशी. पण तूर आपली, आणि तिचे रानटी भाऊबंद आपल्याच सह्याद्रीत आहेत. खानापूरकडच्या डोंगरउतारांसारख्या गवताळ, झुडपी जागा त्यांना मानवतात. बांधावर आणि गवतात पसरणारी एक बारीक वेल आहे, शास्त्रीय नाव कजानस स्कॅराबिऑइड्स. तिच्या शेंगा बोटाच्या पेराएवढ्या आणि दाट केसांनी भरलेल्या असतात. शेंगा पोखरणाऱ्या अळीला त्या केसांतून शेंगेपर्यंत पोहोचणं कठीण जातं. तुरीवर याच अळीसाठी आपण फवारण्यांवर फवारण्या मारतो. ही वेल तुरीशी फळते, दोघींची गुणसूत्रं बावीसच असल्यामुळे वांझपणाची ती लांबलचक भानगडही इथं नाही. कजानस कजानिफोलियस या दुसऱ्या एका रानटी जातीच्या आधारानं तर तुरीचं संकरित वाणही निघालं आहे.

बी गोळा करायला आलेल्या माणसाला मात्र वेळ फार नेमकी साधावी लागते. शेंगा हिरव्या असताना तोडल्या तर बी उगवत नाही. वाळल्या की त्या पीळ घेऊन फुटतात आणि दाणे गवतात उडून जातात. मधले थोडेच दिवस हाती असतात, आणि नेमकं तेव्हाच चाऱ्यासाठी गवत कापणीला येतं.